पावणेचार टक्क्यांमागचे एकोणऐंशी टक्के

क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याच्या हिशेबात सांगतात. ‘फक्त पावणेचार टक्के.’ महिन्याला शेकडा इतके रुपये ही बोली आपल्याला सावकारीपासून सवयीची आहे, त्यामुळे त्यात कुणाला काही खटकत नाही. पण आपण ज्या दराशी त्याची मनातल्या मनात तुलना करतो, तो गृहकर्जाचा किंवा मुदत ठेवीचा दर वर्षाचा असतो. साडेआठ आणि पावणेचार शेजारी ठेवले की कार्ड स्वस्त वाटतं. बाराने गुणलं की पावणेचारचे पंचेचाळीस होतात.

हा गुणाकार काही गुपित नाही. वार्षिक दरही ग्राहकाला स्पष्ट दाखवला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांसाठी काढलेल्या निर्देशांत सांगितलं होतं, आणि बँका तो छापतातही. पण कार्डाची बाकी दर महिन्याला पुढे ढकलणाऱ्या माणसाला वर्षाअखेर जो खर्च येतो, तो या पंचेचाळीस टक्क्यांच्या बराच वर असतो. त्या घराचा हिशेब मांडल्याशिवाय तो दिसत नाही.

म्हणून हिशेबासाठी एक घर धरू. नवरा-बायको दोघंही कमावते. कार्डावर महिन्याला साधारण २५,००० रुपयांचा खर्च होतो. त्यात किराणा, पेट्रोल, वीजबिल, मुलांची पुस्तकं, अधूनमधून ऑनलाइन खरेदी असं सगळं आलं. दोन वर्षांपूर्वी घरात एक आजारपण झालं, त्यातले ६०,००० रुपये फेडायचे राहिले आणि ते राहूनच गेले. स्टेटमेंट ८ तारखेला निघतं, पैसे भरायची शेवटची तारीख २८. दर २८ तारखेला ही मंडळी महिन्याच्या खरेदीचे २५,००० आणि वर लागलेलं व्याज इमानदारीने भरतात. साठ हजार मात्र जागचे हलत नाहीत. त्यांना विचारलं तर ती सांगतील, ‘आमच्यावर साठ हजारांचं कर्ज आहे, त्याला पावणेचार टक्के पडतात.’ वरकरणी हिशेब सोपा आहे. साठ हजारांचे पंचेचाळीस टक्के म्हणजे वर्षाला २७,००० रुपये.

प्रत्यक्षात त्यांच्या खिशातून वर्षाला ४७,१३५ रुपये जातात. वरचे वीस हजार कुठून आले ते पाहू.

त्यातला एक भाग जीएसटीचा आहे. बँकेच्या कर्जावरच्या व्याजाला जीएसटी लागत नाही. गृहकर्ज, वाहनकर्ज, वैयक्तिक कर्ज यांच्या व्याजाला सूट आहे. क्रेडिट कार्डाचं व्याज या सुटीतून मुद्दाम वगळलेलं आहे, त्यावर १८ टक्के कर पडतो. म्हणजे व्याजाच्या प्रत्येक शंभर रुपयांना घरातून ११८ रुपये जातात आणि पंचेचाळीसचे ५३.१ टक्के होतात. हा कर स्टेटमेंटवर वेगळ्या ओळीत येतो, कधी तो केंद्र आणि राज्य अशा दोन ओळींत विभागलेला असतो. त्यामुळे ‘व्याज किती लागलं?’ असं विचारलं की माणूस फक्त व्याजाची ओळ वाचतो. एवढं धरलं तरी २७,००० चे ३१,८६० होतात. अजून पंधरा हजार उरतात.

ते पंधरा हजार येतात बिनव्याजी मुदत गेल्यामुळे, आणि खरी गोम इथेच आहे. कार्ड विकताना ‘पन्नास दिवसांपर्यंत व्याज नाही’ असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण मागच्या स्टेटमेंटची संपूर्ण रक्कम वेळेत भरली असेल तरच. मागची थोडी जरी बाकी राहिली, तरी ही सवलत थांबते, आणि नव्या खरेदीवर त्या खरेदीच्या तारखेपासूनच व्याज सुरू होतं. आज दुकानात कार्ड टेकवलं की आजपासून. जुनं कर्ज एका कप्प्यात आणि महिन्याचा किराणा दुसऱ्या कप्प्यात, अशी विभागणी आपल्या डोक्यात असते. बँकेच्या हिशेबात कप्पा एकच असतो.

आता या घराची खरेदी किती दिवस व्याज खाते ते मोजू. खरेदी महिनाभर विखुरलेली आहे. ९ तारखेला आणलेला किराणा स्टेटमेंट निघेपर्यंत महिनाभर थांबतो, ७ तारखेचं पेट्रोल एकच दिवस. सरासरी काढली तर प्रत्येक खरेदी स्टेटमेंटच्या सुमारे १५ दिवस आधीची असते. स्टेटमेंट निघाल्यावर पैसे भरायला हे लोक शेवटच्या तारखेपर्यंत थांबतात, ते आणखी २० दिवस. एकूण ३५ दिवस. बँकेचं सूत्र साधं आहे. जितकी रक्कम जितके दिवस थकली, त्याला महिन्याच्या दराच्या बारापटीने गुणायचं आणि ३६५ ने भागायचं. २५,००० रुपये ३५ दिवसांसाठी पंचेचाळीस टक्क्यांनी ठेवले तर १,०७९ रुपये होतात. असं बारा वेळा, म्हणजे वर्षाला १२,९४५ रुपये.

साठ हजारांचे २७,००० आणि रोजच्या खरेदीचे १२,९४५ मिळून ३९,९४५ रुपये व्याज झालं. त्यावर जीएसटी ७,१९०. बेरीज ४७,१३५. साठ हजारांच्या कर्जाला वर्षाला ४७,१३५ पडले, तर दर झाला ७८.६ टक्के. सोयीसाठी एकोणऐंशी म्हणू.

बँकेचा माणूस इथे हरकत घेईल. तो म्हणेल, तुमच्या नावावर रोज सरासरी साठ नव्हे, एकोणनव्वद हजार बाकी होती, त्या मानाने दर पंचेचाळीसच आहे, वर सरकारचा कर. त्याचं चूक नाही. वाद फक्त भागाकारातल्या खालच्या आकड्याचा आहे. माझ्या मते घरच्या हिशेबात खाली साठ हजारच धरायला हवेत, कारण या घराने खरं म्हणजे उधार घेतलेत ते तेवढेच. ते साठ हजार नसते, तर महिन्याच्या पंचवीस हजारांच्या खरेदीला एक रुपयाही व्याज पडलं नसतं. म्हणजे त्या खरेदीवर लागलेलं सगळं व्याज हे साठ हजार पुढे ढकलण्याचीच किंमत आहे, आणि ती त्याच खात्यावर लिहायला हवी.

हा दृष्टिकोन मान्य केला की एक उलटी वाटणारी गोष्ट समोर येते. बाकी जितकी लहान, तितका तिचा दर भयानक. समजा या घराने सगळं फेडून फक्त ५,००० रुपये मागे ठेवले, ‘एवढ्याला काय होतंय’ म्हणून, आणि खरेदी पूर्वीसारखीच चालू ठेवली. पाच हजारांचं वर्षाचं व्याज २,२५०. पण बिनव्याजी सवलत तर गेलेलीच असते, त्यामुळे खरेदीचे १२,९४५ तसेच राहतात. कर धरून १७,९३० रुपये होतात. पाच हजार रुपये वर्षभर लांबवण्यासाठी जवळजवळ अठरा हजार! इतकं व्याज सांगायची हिंमत एखाद्या सावकारालाही झाली नसती.

काही लेखांत तुम्ही ६८ टक्के असा आकडा वाचला असेल. तो चक्रवाढीने येतो. महिन्याचे पावणेचार, त्यावर कर धरून ४.४२५ टक्के, आणि ते न भरता बारा महिने मुद्दलात मिळवत गेलं की वर्षाअखेर ६८. जो माणूस दर महिन्याला व्याज भरून टाकतो, त्याच्या खिशाचं चित्र त्या आकड्यात नीट दिसत नाही. शिवाय थकलेले आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही, आणि किमान देय रक्कम भरूनही कर्ज वाढत राहील अशी ती ठेवायची नाही, असंही त्याच २०२२ च्या निर्देशांत म्हटलं होतं. म्हणून मी टक्क्यांची जादू बाजूला ठेवून वर्षभरात प्रत्यक्ष भरलेले रुपये मोजतो.

तुमच्या घरचा आकडा काढायला गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट लागतील. बँकेच्या ॲपवर ती पीडीएफ स्वरूपात मिळतात. प्रत्येक स्टेटमेंटमधून तीन प्रकारच्या ओळी वेगळ्या काढा. व्याजाची ओळ, जिला बहुतेक ठिकाणी ‘फायनान्स चार्जेस’ म्हणतात. उशिराच्या दंडाची ओळ, म्हणजे ‘लेट फी’. आणि या दोन्हींवरचा जीएसटी. वार्षिक फी यात धरू नका, ती बाकी न ठेवणाऱ्यालाही पडते. बारा महिन्यांची बेरीज झाली की वरचा आकडा मिळाला. खालच्या आकड्यासाठी प्रत्येक महिन्याचं ‘एकूण देय’ घ्या आणि त्यातून शेवटच्या तारखेपर्यंत तुम्ही भरलेली रक्कम वजा करा. उरतं ते तुम्ही पुढे ढकललेलं कर्ज. या बारा आकड्यांची सरासरी काढून तिने वरच्या बेरजेला भागा.

उत्तर त्रेपन्नच्या आसपास आलं तर तुम्ही त्या कार्डावर नवी खरेदी फारशी करत नाही, जुनंच वाहत आहात. सत्तर-ऐंशीच्या घरात आलं तर रोजची खरेदी व्याजात सापडली आहे. शंभरावर गेलं तर एक तर बाकी लहान आणि खरेदी मोठी आहे, किंवा दंड वारंवार बसतोय. हा दंड बाकीच्या टप्प्यांनुसार ठरतो. पन्नास हजारांच्या वरच्या बाकीला तो हजार ते तेराशे रुपयांच्या आसपास असतो, वर कर वेगळा. आपल्या उदाहरणातल्या घराने वर्षात दोनदा तारीख चुकवली आणि प्रत्येकी १,२०० रुपये दंड बसला, तर आणखी २,८३२ रुपये जातात आणि एकोणऐंशीचे त्र्याऐंशी टक्के होतात.

रिवॉर्ड पॉइंटांचंही इथेच पाहून घेऊ, कारण ‘कार्डाने परतही मिळतं की’ हा युक्तिवाद दर घरात होतो. वर्षाची खरेदी तीन लाख, त्यावर एक टक्का परतावा धरला तर ३,००० रुपये. त्याच खरेदीवर कर धरून व्याज पडलंय १५,२७५. पुढे बोलायला नको.

किमान देय रकमेबद्दल थोडंसंच सांगतो. अनेक बँकांत ती एकूण बाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते, सूत्र मात्र बँकेगणिक बदलतं. नवी खरेदी पूर्ण थांबवून साठ हजारांवर ३,००० रुपये भरले, तर त्यातले २,६५५ व्याज आणि करात जातात आणि मुद्दल ३४५ रुपयांनी कमी होतं. ही रक्कम भरल्याने दंड टळतो आणि सिबिलच्या नोंदीत खातं थकीत दिसत नाही, एवढाच तिचा उपयोग. कर्ज फेडायची ती वाट नाही.

हा दर कायद्याने खाली येईल, अशी आशा काही वर्षं होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ठरवलं होतं की कार्डावर वार्षिक तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आयोगाला दराची अशी मर्यादा घालण्याचा अधिकार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. तेव्हा दर कमी होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, दिवस आणि रक्कम या दोनच गोष्टी आपल्या हातात आहेत.

यातले दिवस कमी करायला एक रुपयाही जास्त लागत नाही, पण बहुतेकांच्या ते ध्यानात येत नाही. ज्याची बाकी शून्य होते, त्याने शेवटच्या तारखेपर्यंत थांबणं शहाणपणाचं आहे, कारण तोवर पैसे फुकट वापरायला मिळतात. तीच सवय बाकी ठेवणारा माणूसही पाळतो, आणि तिथे ती महाग पडते, कारण त्याचं व्याज रोज चालू असतं. या घरात पगार १ तारखेला येतो. पंचवीस हजार रुपये २८ पर्यंत बचत खात्यात जेमतेम तीन टक्क्यांनी पडून असतात, आणि तेवढ्याच रकमेवर कार्ड पंचेचाळीस टक्के लावत असतं. हेच पैसे स्टेटमेंट निघाल्या दिवशी भरले, तर वीस दिवसांचं व्याज वाचतं. वर्षाचे, कर धरून, ८,७२९ रुपये. पैसे तेच भरायचे, फक्त तारीख बदलायची. बिल तयार होण्याच्या आधी भरलं तर व्याज आणखी वाचतं, पण ते पैसे नव्या बिलाच्या किमान रकमेत धरले जातीलच असं नाही, म्हणून स्टेटमेंट हाती आल्यावर भरणं बरं.

रक्कम कमी करण्याचा मार्ग म्हणजे ते साठ हजार कार्डावरून उचलून दुसरीकडे ठेवणं. नोकरदाराला १६ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज मिळालं असं धरू. कुणाला याहून स्वस्त मिळेल, कुणाला महाग. ६०,००० रुपये अठरा महिन्यांसाठी घेतले तर हप्ता ३,७७१ रुपये येतो. हे घर सध्या महिन्याला व्याज आणि कर म्हणून सरासरी ३,९२८ रुपये भरतंय. म्हणजे आज नुसतं व्याज जितकं जातं, त्यापेक्षा कमी रकमेत मुद्दलासकट कर्ज दीड वर्षात संपतं. दीड वर्षाचं एकूण व्याज ७,८८६ रुपये होतं, आणि दोन टक्के प्रक्रिया शुल्क असेल तर ते करासह १,४१६. व्याजावर जीएसटी नाही. कार्डवाली बँक स्वतःच फोन करून ‘बाकीचे हप्ते करून देतो’ म्हणते, तेव्हा दर ऐकून थांबू नका. त्या हप्त्यांतल्या व्याजावर अठरा टक्के कर लागतो, तो धरूनच तुलना करा. आणि उरलेल्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळेल का, हेही विचारून घ्या.

काही जणांनी वैयक्तिक कर्ज काढून कार्ड मोकळं केलं आणि सहा महिन्यांत कार्डावर पुन्हा साठ हजार चढवले. त्यांच्यापाशी आता हप्ता आणि व्याज दोन्ही आहेत. तेव्हा कर्ज घ्यायचं ते पुढची सगळी स्टेटमेंट पूर्ण भरण्याची तयारी असेल तरच. तेवढी खात्री नसेल किंवा कर्ज मिळत नसेल, तर निदान रोजची खरेदी त्या कार्डावरून काढून यूपीआयवर न्यावी. यात पहिला महिना अवघड जातो, हे खरं. मागच्या खरेदीचं बिल आणि चालू महिन्याचा रोखीचा खर्च एकाच पगारात बसवावा लागतो. ते एकदम जमत नसेल तर आधी पेट्रोल, पुढच्या महिन्यात किराणा असं टप्प्याने करावं. पूर्ण जमलं की वर्षाचे १५,२७५ रुपये वाचतात, साठ हजार तसेच असले तरीही.

शेवटी एका ओळीकडे लक्ष ठेवा. सगळी बाकी २८ तारखेला फेडून टाकली, तरी पुढच्या ८ तारखेच्या स्टेटमेंटवर व्याज येतं. ८ ते २८ या वीस दिवसांत ८५,००० रुपयांची बाकी उभी होती, तिचं हे व्याज असतं, करासह सुमारे २,४७३ रुपये, आणि मधल्या दिवसांतल्या नव्या खरेदीवरचं थोडं वर. बँकेने फसवलं असं वाटून लोक ती रक्कम भरायचं नाकारतात किंवा भांडण मिटेपर्यंत थांबतात. ती भरून टाका. ती राहिली तर मागची बाकी शून्य झाली नाही असं धरलं जातं, आणि बिनव्याजी मुदत परत सुरू होत नाही.